पौर्णिमा की पूर्णिमा? गोव्यात फॉर्म भरताना मराठी आणि इंग्लिश नाव जुळवायचं कसं

गोव्यात मराठी शाळेत शिकलेल्या पोराचं नाव कागदावर पहिल्यांदा बहुतेक वेळा इंग्लिशमध्येच येतं, जन्मदाखल्यावर. मग पहिलीला ते प्राथमिक शाळेच्या रजिस्टरमध्ये मराठीत उतरतं, आणि पाचवीला हायस्कूल लागलं की परत इंग्लिश होतं. मधे कुठेतरी आधार काढलेलं असतं, त्यावर इंग्लिशसोबत देवनागरी, तीही मशीनने टाकलेली. म्हणजे एकच नाव तीन-चार वेळा इकडून तिकडे गेलं, आणि दर वेळी कुणीतरी जुना कागद न बघता कानाने ऐकून लिहिलं. आईवडलांना हे कळतं तेव्हा दहावीचा फॉर्म समोर असतो नाहीतर शिष्यवृत्तीचा अर्ज "नेम मिसमॅच" म्हणून परत आलेला असतो.

पहिल्यांदाच फॉर्म भरायला बसलेल्यांसाठी हे लिहितोय. सगळे प्रकार एकत्र घेतले तर डोकं फिरेल, म्हणून एकच केस धरूया: शाळेत जाणारी मुलगी, दहावीच्या आधी, कागद चार आणि चारही वेगळे. मोठ्या माणसांचं थोडं शेवटी सांगतो.

मुलीचं नाव समजा पौर्णिमा विश्वनाथ गावकर, सत्तरी तालुक्यातली. नाव मी बनवलंय, पण अशी गुंतागुंत तुम्हाला वाळपईपासून काणकोणपर्यंत कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात बघायला मिळेल. तिचे कागद असे:

```
जन्मदाखला : POURNIMA VISHWANATH GAONKAR
मराठी शाळा : पौर्णिमा विश्वनाथ गांवकर
आधार      : Poornima Vishwanath Gavkar
            पूर्णिमा विश्वनाथ गवकर
हायस्कूल   : Pournima V. Gaonkar
```

आता बघा, घरात हिला सगळे पौर्णिमाच म्हणतात. आधारवाल्याने ऐकून Poornima टाईप केलं, मशीनने त्यावरून देवनागरी बनवलं तर ते पूर्णिमाच होणार, दुसरं काय होणार. म्हणजे आधी इंग्लिशचा अंदाज चुकला आणि त्या चुकीवरून मराठी बनलं, म्हणून मराठीही चुकलं. आडनावाचं तर विचारूच नका, गावकर हे Gaonkar, Gaunkar, Gavkar, Gaokar, Gaonker असं कसंही लिहिलेलं सापडतं आणि त्यातलं एकही "चूक" नाही, प्रत्येक घराचं आपापलं आहे.

पायरी 1: मूळ कागद कुठला ते ठरवा

फॉर्म बाजूला ठेवा. आधी घरातले सगळे कागद एका टेबलावर मांडा आणि वर दिलीय तशी यादी वहीत करा, अक्षराला अक्षर, कागदावर जसं आहे तसं. टिंब असेल तर टिंब, आद्याक्षर असेल तर आद्याक्षर. मनाने काही सुधारायचं नाही.

मग एक कागद मूळ धरायचा आणि बाकी सगळे त्याच्यामागे आणायचे. शाळकरी मुलांसाठी तो जन्मदाखलाच धरावा असं माझं ठाम मत आहे. कारण जन्माची नोंद बदलणं सगळ्यात कटकटीचं, आणि पुढे जाऊन लोक तोच मागतात. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या बाळांसाठी तर कायद्यानेच जन्मतारीख आणि जन्मठिकाण याचा पुरावा म्हणून शाळाप्रवेश, पासपोर्ट वगैरेला जन्मदाखला लागतो. त्याआधीच्या मुलांना दुसरे पुरावे चालतात, पण तेही शेवटी दाखल्याशी जुळलेले असले तर प्रश्नच येत नाहीत.

इथे लोक एक शॉर्टकट मारतात तो सांगतो. हल्ली शाळा मुलांची अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, काढतात, त्यासाठी यूडायस प्लस या सरकारच्या शाळानोंदीच्या पोर्टलवरचं मुलाचं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. आपल्या केसमध्ये शाळेत Pournima, आधारवर Poornima, झालं, आयडी निघत नाही. मग शाळेतून सांगतात की आम्ही आमच्याकडे आधारप्रमाणे करून टाकतो, दोन मिनिटांचं काम. ते दोन मिनिटांचंच असतं हे खरं, पण त्यामुळे शाळेचं रेकॉर्ड जन्मदाखल्यापासून दूर जातं आणि तीच चूक दहावीच्या सर्टिफिकेटवर छापून येते. मास्तरांचा दोष नाही, त्यांना वरून आकडा पूर्ण करायचा असतो. तुम्ही म्हणायचं, सर, थोडे दिवस द्या, आम्ही आधार दुरुस्त करून आणतो.

पायरी 2: जन्मदाखलाच नीट वाचा

दाखला मूळ धरला म्हणजे तो बरोबर आहे असं नाही. तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, मुलीचं नाव त्यात आहे का. पुष्कळ दाखल्यांवर नावाचा रकाना कोरा असतो, कारण बारशाआधीच नोंद झालेली. ते नाव नंतर घालता येतं, जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात त्याची सोय आहे, पण जितका उशीर तितका त्रास, म्हणून शाळेत घालायच्या आधीच करून टाका.

दुसरी, नुसतं POURNIMA आहे की मधे बापाचं नाव आणि शेवटी आडनावही आहे. तिसरी, आईबापांची नावं. आपल्याकडे आईचं नाव माहेरचं की सासरचं यात गोंधळ होतो, दाखल्यावर जे आहे तेच पुढे सगळीकडे लिहायचं.

टायपिंगची चूक असेल, म्हणजे VISHWANATH चं VISHWNATH झालंय, तर जिथे नोंद झाली तिथे जायचं, पंचायत असेल तर पंचायत, पालिका असेल तर पालिका, किंवा तालुक्याचं सिव्हिल रजिस्ट्रार ऑफिस. तिथे लेखनातली चूक म्हणून अर्ज करता येतो, सोबत त्या वेळचे पुरावे लागतात. पण नावच वेगळं पाहिजे असेल, आडनाव बदलायचं असेल, तर ती दुरुस्ती नव्हे, तो नावबदल, आणि गोव्यात त्याला 1990 चा वेगळा नाव-आडनाव बदलाचा कायदा लागतो, ती वाट लांबची आहे. म्हणून काउंटरवर "नाव बदलायचंय" असं बोलून सुरुवात करू नका, "स्पेलिंग चुकलंय" म्हणायचं, अर्थात खरंच स्पेलिंगच चुकलं असेल तर.

आपल्या केसमध्ये दाखला ठीक आहे. तेव्हा ठरलं, इंग्लिश स्पेलिंग POURNIMA VISHWANATH GAONKAR. आवडो न आवडो. कुणीतरी काका येऊन म्हणेल की औ ला एयू लिहायचं, Paurnima पाहिजे. काकांना चहा द्या.

पायरी 3: मराठी रूप एकदाच ठरवा आणि हाताने लिहा

इंग्लिशवरून मराठी बनवायचं नाही, हा नियम पक्का लक्षात ठेवा. इंग्लिशमध्ये ळ नाही, ण वेगळा नाही, ह्रस्व-दीर्घ नाही, अ आणि आ एकाच अक्षराने लिहितात. त्यामुळे मतदार नोंदणीसारख्या ज्या फॉर्मवर तुम्ही इंग्लिश नाव टाकलं की शेजारच्या रकान्यात देवनागरी आपोआप उमटतं, तिथे मशीन फक्त अंदाज मारते. Sakhalkar चं सखलकर होतं, साखळकर नाही. Dhargalkar चं धर्गलकर, Mandrekar चं मंद्रेकर. Naik चं कधी नाइक, कधी चक्क नैक. Kanekar काणेकर की कनेकर हे मशीनला कळायचा मार्गच नाही, गावाला माहीत असतं.

काय करायचं तर मराठी रूप शाळेच्या रजिस्टरवरून घ्यायचं, कारण गोव्यातल्या मराठी शाळांत ते मराठी जाणणाऱ्या माणसाने हाताने लिहिलेलं असतं. आपल्या केसमध्ये तिथे गांवकर आहे, ग वर अनुस्वार. हा जुन्या लेखनातला, आज बहुतेक जण गावकर लिहितात. दोन्ही चालेल, पण एक ठरवा. मी असतो तर रजिस्टरमध्ये जे आहे तेच ठेवलं असतं, कारण उद्या शाळा सोडल्याचा दाखला त्याच रजिस्टरवरून निघणार आहे आणि त्या दाखल्यावर अनुस्वार आला की परत दोन रूपं झाली. तर आपलं मराठी रूप पौर्णिमा विश्वनाथ गांवकर.

फॉर्मवर मशीनने भरलेलं नाव पूर्ण पुसून मराठी कीबोर्डने परत टाईप करायचं. मोबाईलवर मराठी कीबोर्ड नसेल तर तो घाला, दोन मिनिटं लागतात. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात गेलात तर तिथल्या मुलाला सांगायचं की मराठी रकाना मला दाखवल्याशिवाय सबमिट करू नको, तो गर्दीत असतो, त्याला तुमचं आडनाव काय माहीत. आणि जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाईलमधून नाव कॉपी करू नका, स्क्रीनवर मराठी दिसतं पण आत भलतीच अक्षरं असतात आणि पोर्टलवर पेस्ट केलं की कचरा उमटतो.

पायरी 4: आधार दुरुस्त करा, आणि इथे सावध

आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणून आता फक्त स्पेलिंग, पुढच्या वर्षी बापाचं नाव, मग आडनाव, असे हप्ते करायचे नाहीत, जे काय ते एकाच वेळी. मुलीचं लग्न झाल्यावर तिला आडनाव बदलायचं असेल तर एक संधी शिल्लक राहायला हवी, हेही ध्यानात ठेवा.

मुलांच्या आधारचं बायोमेट्रिक अपडेट 5 व्या वर्षी आणि 15 व्या वर्षी करावंच लागतं. पौर्णिमा पंधराची होतेच आहे, तर त्याच खेपेला नावाची दुरुस्ती करून घ्यायची, म्हणजे एका फेरीत दोन्ही. पण नववीत असताना आधीच करून घेता आलं तर जास्त बरं, कारण दहावीचे फॉर्म वाट बघत नाहीत.

सेंटरवर जाताना मूळ जन्मदाखला न्या आणि दोन्ही नावं मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून न्या. तोंडी सांगू नका. विश्वनाथ असं तोंडाने सांगितलं की समोरच्याच्या हातून Vishvanath, Vishwanath, Viswanath यातलं काहीही होऊ शकतं, कारण तिन्ही ऐकायला एकच.

मग खरी महत्त्वाची गोष्ट. आधार सेंटरवर तुमच्या बाजूला एक स्क्रीन असते, ऑपरेटर काय टाईप करतोय ते त्यात दिसतं. इंग्लिश नाव बरोबर झालं की लोक मान हलवतात आणि उठतात. उठायचं नाही. इंग्लिशसोबतची देवनागरी ओळ बघायची, ती मशीनने परत नव्याने बनवलेली असते, आणि Pournima वरून पौर्निमा असं साध्या न चं येऊ शकतं, Gaonkar वरून गाओंकर येऊ शकतं. ऑपरेटरला ती ओळ हाताने दुरुस्त करता येते, त्याला सांगा, नम्रपणे सांगा पण सांगाच. पावती हातात आली की तिथेच उभं राहून परत वाचा.

वाचायची माझी पद्धत अशी: दोघांनी मिळून वाचायचं. एकाने जन्मदाखल्यावरून एकेक अक्षर म्हणायचं, पी, ओ, यू, आर, आणि दुसऱ्याने पावतीवर बोट ठेवत जायचं. सरळ नाव वाचलं तर डोळा चूक बघतच नाही, त्याला जे माहीत आहे तेच तो वाचतो.

पायरी 5: शाळेचं रेकॉर्ड

हायस्कूलमध्ये Pournima V. Gaonkar आहे, म्हणजे स्पेलिंग बरोबर पण मधलं नाव आद्याक्षरात. माणूस हे जुळलंय असं म्हणेल, कॉम्प्युटर म्हणणार नाही. हेडमास्तरांच्या नावे साधा अर्ज, जन्मदाखल्याची झेरॉक्स, दुरुस्त आधारची झेरॉक्स, आणि त्यात स्पष्ट लिहा की जनरल रजिस्टर आणि यूडायस प्लस दोन्हीकडे पूर्ण नाव असं असं करावं. दोन्हीकडे हे शब्द महत्त्वाचे, कारण पुष्कळदा कॉम्प्युटरवर बदलतात आणि जाड रजिस्टरमध्ये जुनंच राहतं, किंवा उलट.

हे सगळं दहावीचा फॉर्म बोर्डाकडे जायच्या आधी. एकदा सर्टिफिकेट छापून आलं की दुरुस्ती होते, पण ती शाळेमार्फत बोर्डाकडे, पर्वरीला, आणि तिथे परत जन्मदाखला आणि जुनी रजिस्टरं काढून दाखवावी लागतात. फॉर्मची जी प्रिंट सहीसाठी घरी येते ती आईबाप बघतच नाहीत, पोरं सही घेऊन पळतात. ती प्रिंट घेऊन बसा आणि वरच्या पद्धतीने अक्षर अक्षर वाचा, आईच्या नावासकट.

पायरी 6: आता फॉर्म

इतकं झालं की फॉर्म भरणं सोपं आहे, पण रकान्यांची रचना वेगवेगळी असते. पासपोर्टला आडनाव वेगळं आणि बाकीचं सगळं गिव्हन नेममध्ये, म्हणजे Gaonkar एका रकान्यात आणि Pournima Vishwanath दुसऱ्यात. पॅनच्या अर्जात आडनाव, नाव, मधलं नाव असे तीन रकाने, आणि आडनाव पहिलं, तिथे घाईत लोक मुलीचं नाव आडनावाच्या जागी टाकतात. नाव आणि आडनावात आद्याक्षर चालत नाही. जिथे एकच लांब रकाना आहे तिथे मूळ कागदावरचा क्रम.

नावाच्या पुढे कुमारी, श्री, सौ. काही लावायचं नाही, त्याला वेगळा रकाना असतो. बाप वारले असतील तर मराठीत आपण कै. लावतो, फॉर्ममध्ये ते किंवा Late नावाच्या रकान्यात घातलं की ते नावाचाच भाग होऊन बसतं आणि मग जुळत नाही. नावानंतर टिंब नको, दोन शब्दांत दोन स्पेस नकोत.

जन्मठिकाणाचंही तसंच. आपण बोलताना डिचोली म्हणतो, कागदावर Bicholim असतं, साखळीचं Sanquelim, पेडण्याचं Pernem, केप्याचं Quepem. ही स्पेलिंगं पोर्तुगीज काळातून आलीत, आणि साखळीचं तर Sankhali असंही लिहितात. जन्मदाखल्यावर जे आहे ते इंग्लिश रकान्यात, आणि मराठी रकान्यात सरळ डिचोली, साखळी. बिचोलिम असं देवनागरीत लिहिलेले फॉर्मही मी बघितलेत, मशीनची कृपा.

मोठ्यांचं आणि जुन्या कागदांचं

दहावी होऊन वीस वर्षं झालीत, पॅन, बँक, नोकरी सगळं दहावीच्या सर्टिफिकेटवरच्या स्पेलिंगने चालू आहे आणि जन्मदाखला एकटाच वेगळा, तर उलटं करा, तेच स्पेलिंग मूळ धरा आणि जन्मनोंदीची दुरुस्ती होते का ते बघा. सगळं जग एका कागदासाठी बदलत बसू नका. पॅन आणि आधार जोडताना नावात थोडासाच फरक असेल तर ओटीपीवर काम निभावतं, पूर्ण नावच वेगळं असेल तर मात्र दोन्हीपैकी एक दुरुस्त केल्याशिवाय सुटका नाही.

आजी-आजोबांचा 1961 च्या आधीचा जन्माचा तेओर, म्हणजे जुन्या नोंदीची नक्कल, काढलात तर तो पोर्तुगीजमध्ये येणार. त्यात नाईकचं Naique, श साठी एक्स, कर चं car असं सगळं दिसेल. ते चुकलेलं नाही, त्या काळी तसंच लिहायचे, त्याला हात लावू नका. आजोबांचं नाव नातवाच्या कागदावर आजच्या स्पेलिंगमध्ये आहे आणि तेओरवर जुन्या, तर ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून जोडतात, सोबत तेओरचं इंग्लिश भाषांतर. वारसाहक्काच्या, जमिनीच्या कामात हे नेहमीचंच आहे, वकिलांना सांगावंही लागत नाही.

पण याच प्रतिज्ञापत्रावर पौर्णिमाच्या केसमध्ये विसंबू नका. नोटरीकडे जाऊन "Pournima आणि Poornima एकच" असं लिहून आणलं तर बँकेतला माणूस ते वाचून मान्य करेल कदाचित. पोर्टल ते वाचत नाही. ते फक्त दोन रकान्यांतली अक्षरं ताडून बघतं, आणि तिथे यू च्या जागी ओ आहे तोवर अर्ज परतच येत राहणार.